हायड्रोजन नेमका कधी निघतो?

थर्माकोल ज्या स्टायरीनपासून बनतो, ते प्रयोगशाळेत तयार करायची एक सोपी रीत आहे. २-फिनाइलइथाइल ब्रोमाइड नावाचं संयुग अल्कोहोलमध्ये विरघळवायचं आणि त्यात सोडियम इथॉक्साइड हा तीव्र आम्लारी मिसळायचा. एका कार्बनवरचा हायड्रोजन जातो, शेजारच्या कार्बनवरचा ब्रोमीन जातो आणि दोघांच्या मध्ये दुहेरी बंध तयार होतो. रसायनशास्त्रात याला विलोपन म्हणतात. चंचुपात्रात आधी काय होतं आणि नंतर काय उरलं, एवढंच आपल्याला दिसतं. आधी कोण निघालं, हायड्रोजन की ब्रोमीन, की दोघं एकदमच, हे मात्र दिसत नाही.

१९३०च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ख्रिस्तोफर इंगोल्ड आणि एडवर्ड ह्यूजेस यांनी अशा क्रियांची जी मांडणी केली, तीच आजही कॉलेजात शिकवली जाते. ई-वन, म्हणजे एकरेण्वीय विलोपनात, ब्रोमीन आपणहून सुटतो. ही पायरी संथ असते. मागे धनभारित कार्बोकॅटायन उरतो आणि त्याचा हायड्रोजन मग झटकन निघून जातो. ई-टू, म्हणजे द्विरेण्वीय विलोपनात, आम्लारी हायड्रोजन ओढत असतानाच ब्रोमीन सुटत जातो. सगळं एकाच पायरीत होतं.

यांतला फरक ओळखायचा पहिला मार्ग म्हणजे वेग मोजणं. स्टायरीन अतिनील प्रकाश जोरात शोषतं, मूळ ब्रोमाइड फारच कमी. त्यामुळे ठरावीक तापमानाला ठेवलेल्या द्रावणाचं शोषण मिनिटामिनिटाला मोजलं, की स्टायरीन किती वेगाने तयार होतंय ते कळतं. इथॉक्साइड ब्रोमाइडच्या मानाने भरपूर घ्यायचं, म्हणजे क्रिया चालू असताना त्याचं प्रमाण जवळपास बदलत नाही आणि हिशेब सोपा होतो. मग इथॉक्साइड दुप्पट करून तोच प्रयोग पुन्हा करायचा. वेगही दुप्पट झाला, तर वेग ठरवणाऱ्या पायरीत किंवा तिच्या आधी आम्लारीचा हात आहे. वेग जागचा हलला नाही, तर ब्रोमीन एकट्यानेच सुटतोय. फिनाइलइथाइल ब्रोमाइडचा वेग इथॉक्साइडच्या प्रमाणात वाढतो.

सगळे रेणू मात्र असं एकच उत्तर देत नाहीत. टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइड नुसत्या इथेनॉलमध्ये ठेवलं, तर तिथे ई-वनची वाट चालू असते. २५ अंश सेल्सिअसला सुमारे पाचवा हिस्सा अल्कीन होतो, बाकीचा ईथर. त्यात इथॉक्साइड वाढवत नेलं, की शून्याऐवजी आधीच्याच वेगापासून वर चढणारी सरळ रेषा मिळते. रेषेचा आरंभबिंदू एकट्याने घडणाऱ्या क्रियेचा वेग सांगतो आणि तिचा चढ आम्लारीने घडवलेल्या क्रियेचा. इथॉक्साइड २ मोलरपर्यंत नेलं, की नव्वद टक्क्यांहून अधिक अल्कीन मिळतं. म्हणजे ई-वन आणि ई-टू हे रेणूचे कायमचे स्वभाव नव्हेत. परिस्थितीप्रमाणे दोन्ही वाटा एकाच पात्रात चालू राहतात.

वेगाच्या नियमाला दोन मोठ्या मर्यादा आहेत. आम्लारीचं काम द्रावकानेच केलं, तर द्रावकाचं प्रमाण बदलता येत नाही आणि द्विरेण्वीय क्रियाही एकरेण्वीय दिसते. दुसरी मर्यादा अधिक अवघड आहे. आम्लारीने आधी हायड्रोजन काढला, तो परत जागेवर येऊ शकला आणि ब्रोमीन नंतर सावकाश सुटला, तरी वेगाचा नियम ई-टूसारखाच मिळतो. या पायरीत कोण कोण सामील आहे, हे नियम सांगतो. कोणता बंध तुटतो आहे, हे तो सांगत नाही.

इथे ड्यूटेरियम उपयोगी पडतं. हॅरल्ड युरी यांनी १९३१ साली शोधलेला हा हायड्रोजनचा समस्थानिक वजनाने दुप्पट आहे. रासायनिक वागणुकीत मात्र तो जवळपास हायड्रोजनसारखाच असतो. कार्बन-हायड्रोजन बंध कधीच पूर्ण स्थिर नसतो, अगदी किमान ऊर्जेच्या स्थितीतही तो कंप पावतो. ड्यूटेरियम जड असल्याने त्याच्या बंधाची ही किमान ऊर्जा थोडी खाली असते, म्हणून तो तोडायला थोडी जास्त ऊर्जा लागते. फरक लहान आहे, पण खोलीच्या तापमानाला तो वेगात सुमारे सातपटीपर्यंत उतरतो. यात अट एवढीच, की तो बंध वेग ठरवणाऱ्या पायरीतच तुटायला हवा.

१९६०मध्ये साँडर्स आणि एडिसन यांनी फिनाइलइथाइल ब्रोमाइडच्या फिनाइलशेजारच्या कार्बनवर दोन्ही ड्यूटेरियम बसवले आणि ३० अंशांना वेग मोजला. हायड्रोजनवालं संयुग ७.१ पट वेगाने गेलं. ब्रोमीन आधी एकटा सुटत असता, तर एवढा फरक दिसला नसता. हायड्रोजन आधी निघून परत येत असेल, ही शंका स्केल आणि हाउजर यांनी १९४५मध्येच तपासली होती. त्यांनी क्रिया ड्यूटेरियमयुक्त अल्कोहोलमध्ये केली, मध्येच थांबवली आणि न बदललेलं ब्रोमाइड परत काढून पाहिलं. त्यात ड्यूटेरियम नव्हतं. म्हणजे गेलेला हायड्रोजन परतत नव्हता. वेगाचा नियम, ७.१ हा आकडा आणि हा प्रयोग असे तिन्ही एकत्र ठेवले, की ई-टूचा दावा बळकट होतो. यांतलं कुठलंही एक त्यासाठी पुरेसं नाही.

आकडा लहान आला म्हणून ई-वन ठरवू नये. ब्रोमीनच्या जागी ट्रायमिथाइलअमोनियम गट ठेवला, तर हेच गुणोत्तर ३च्या आसपास येतं, आणि क्रिया तरीही द्विरेण्वीय असते. हायड्रोजन आम्लारी आणि कार्बन यांच्या साधारण मध्यावर असतो तेव्हा परिणाम सर्वांत मोठा असतो. तो कमी किंवा जास्त सरकलेला असेल, तर परिणाम घटतो.

याची उलट बाजू मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते. टर्शरी ब्युटाइल क्लोराइडच्या नऊही हायड्रोजनांच्या जागी ड्यूटेरियम घातलं, तर पाणीमिश्रित अल्कोहोलमध्ये त्याचा वेग सुमारे २.३ पटींनी कमी होतो. या क्रियेच्या संथ पायरीत कार्बन-हायड्रोजन बंध तुटतच नाही. शेजारचे बंध फक्त कार्बोकॅटायनला इलेक्ट्रॉनांचा आधार देतात आणि त्यात थोडे सैल होतात. दर ड्यूटेरियममागे जेमतेम दहा टक्क्यांचा फरक पडतो. १.१ नऊ वेळा स्वतःने गुणा, २.३६ येतं. नुसता २.३ पाहणारा हायड्रोजन निघत असल्याचा निष्कर्ष काढेल. अशा वेळी सोडवणूक वेगाचा नियमच करतो: थोडा आम्लारी घातला, तरी क्लोराइड सुटण्याचा वेग फारसा हलत नाही.

मोजणीची रीतही तितकीच जपावी लागते. एकाच रेणूत हायड्रोजन आणि ड्यूटेरियम दोन्ही ठेवून नुसतं उत्पादन तपासलं, तर ई-वनमध्येही मोठा परिणाम दिसू शकतो. कार्बोकॅटायन तयार झाल्यावर तोही हायड्रोजनच आधी सोडतो, पण तोवर वेग ठरून गेलेला असतो. म्हणून दोन संयुगांचे वेग वेगवेगळ्या पात्रांत मोजावे लागतात. ड्यूटेरियमच्या शुद्धतेचाही हिशेब ठेवावा लागतो. शंभरातल्या पाच रेणूंत साधा हायड्रोजन राहून गेला असेल, तर सातपट वेगाने धावणारे ते पाच रेणू सुरुवातीच्या मोजणीत ७चं गुणोत्तर ५.४वर आणतात.