उसनं प्राधान्य: मंगळावरच्या यानाची एक अडचण

४ जुलै १९९७ रोजी ‘पाथफाइंडर’ हे अमेरिकी यान मंगळावरच्या आरेस व्हॅलिस भागात उतरलं. छायाचित्रं येऊ लागली, ‘सोजर्नर’ ही छोटी गाडी खाली उतरून दगडांपाशी पोहोचली. मग काही दिवसांतच यानावरचा संगणक अधूनमधून स्वतःहून रीसेट होऊ लागला. आधी गोळा झालेली माहिती मेमरीत टिकून राही, पण त्या दिवशीचं उरलेलं काम तिथेच थांबे आणि दुसऱ्या दिवसावर जाई. यंत्र नादुरुस्त नव्हतं आणि कुठल्याही प्रोग्रॅमचं गणितही चुकत नव्हतं. सगळे प्रोग्रॅम आपापल्या जागी बरोबर होते, दोष त्यांच्या परस्परसंबंधात होता.

पाथफाइंडरवर ‘व्हीएक्सवर्क्स’ ही ऑपरेटिंग सिस्टीम होती. ती ‘रिअल-टाइम’ प्रकारची. अशा व्यवस्थेत उत्तर बरोबर येऊन भागत नाही, ते ठरलेल्या वेळेत यावं लागतं. म्हणून प्रत्येक कामाला, म्हणजे ‘टास्क’ला, एक प्राधान्य दिलेलं असतं. प्रोसेसर एकच, त्यामुळे तयार असलेल्या टास्कपैकी सर्वांत वरच्या प्राधान्याचा टास्क चालतो. खालचा टास्क चालू असताना वरचा जागा झाला, तर खालच्याला आहे तिथेच थांबवून प्रोसेसर वरच्याकडे जातो.

पण काही गोष्टी दोन टास्कनी एकाच वेळी हाताळून चालत नाहीत. एक टास्क मेमरीतली एखादी यादी अर्धवट बदलून थांबला आणि तेवढ्यात दुसऱ्याने ती वाचली, तर त्याच्या हाती चुकीची माहिती लागेल. हे टाळण्यासाठी ‘म्युटेक्स’ असतो. त्याला एकुलती एक किल्ली असलेली खोली समजा. किल्ली ज्याच्याकडे, तोच आत. बाकीच्यांनी, त्यांचं प्राधान्य कितीही वरचं असो, किल्ली परत येईपर्यंत थांबायचं. इतकं थांबणं अटळ आहे आणि त्यात वावगंही काही नाही, कारण आतलं काम सहसा अगदी थोडं असतं.

पाथफाइंडरवर मोजमापं करणारी उपकरणं आणि संगणक यांना जोडणारी माहितीची एक वाहिनी होती. तिचं चक्र सेकंदाला आठ वेळा, म्हणजे दर ०.१२५ सेकंदाला फिरे. चक्रात माहिती आली की `bc_dist` हा टास्क ती ज्याच्या त्याच्याकडे पोहोचवी. मग `bc_sched` जागा होऊन पुढच्या चक्राची तयारी करी. दोघांचंही प्राधान्य बरंच वरचं. `bc_sched` आधी तपासे की `bc_dist`चं काम संपलं आहे ना. संपलं नसेल तर काहीतरी गंभीर बिघडलं आहे असं मानून तो रीसेटचा हुकूम देई. हवामानाच्या उपकरणाची माहिती हाताळणारा `ASI/MET` हा टास्क मात्र फार खालच्या प्राधान्याचा होता. त्याला आपली माहिती `bc_dist`कडूनच मिळे. ती ज्या मार्गाने मिळे, त्या मार्गाच्या आत ऑपरेटिंग सिस्टीमचा एक म्युटेक्स होता.

आता घोटाळा कसा होतो ते पाहू. समजायला सोपं जावं म्हणून आकडे कल्पनेतले घेऊ. `ASI/MET`ने किल्ली घेतली, आतलं काम दोन मिलिसेकंदांचं. एक मिलिसेकंद झाला आणि मधल्या प्राधान्याचे काही टास्क जागे झाले. त्यांचं काम ऐंशी मिलिसेकंदांचं. त्यांना या किल्लीशी काही देणंघेणं नाही, पण प्राधान्य वरचं असल्याने त्यांनी `ASI/MET`ला थांबवलं. किल्ली त्याच्याकडेच राहिली. मग `bc_dist` जागा झाला, प्रोसेसर मिळाला, थोडं पुढे जाऊन त्यानं किल्ली मागितली आणि तो थांबला. खरं तर त्याला एकच मिलिसेकंद थांबायचं होतं. पण तो मिलिसेकंद पुरा करू शकणारा `ASI/MET` मधल्या टास्कमागे अडकलेला. `bc_dist`ला त्या ऐंशी मिलिसेकंदांनंतरच पुढे जाता येणार. तोवर `bc_sched` जागा झाला, त्यानं काम अपुरं पाहिलं आणि रीसेट केलं.

यालाच ‘प्रायॉरिटी इन्व्हर्जन’ म्हणतात. वरच्याला खालच्यासाठी थांबावं लागणं ही यातली साधी बाजू. खरी धोक्याची बाजू आहे ती मधल्यांची. या व्यवहारात नसलेले टास्क सर्वांत महत्त्वाच्या कामाला रोखून धरतात आणि किती वेळ, याला मर्यादा राहत नाही. मधले टास्क जितके जास्त, तितका वेळ जास्त.

हे मंगळावरच का वाढलं, याचं कारण मला फार बोलकं वाटतं. यान उतरल्यावर माहिती अपेक्षेपेक्षा जास्त वेगानं पाठवता आली, त्यामुळे शास्त्रीय कामंही वाढली आणि मधल्या टास्कवरचा भार वाढला. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांत असे रीसेट अगदी क्वचित दिसले होते, पण पुन्हा घडवून पाहता येत नव्हते. इतकं चांगलं चालेल या परिस्थितीची चाचणी झालीच नव्हती.

उड्डाण सॉफ्टवेअरच्या गटाचे प्रमुख होते ग्लेन रीव्ह्ज. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत त्यांच्या चमूने यानासारख्याच संगणकावर तसाच भार टाकून रीसेट पुन्हा घडवला. कोणता टास्क कधी थांबला, कोणी किल्ली घेतली याची नोंद ठेवणारी सोय सॉफ्टवेअरमध्ये होतीच. तिच्यातून ही साखळी दिसली. अशी नोंद नसती तर हा दोष सापडणं जवळपास अशक्य होतं, कारण रीसेटनंतर कोणताही टास्क चुकलेला दिसत नाही.

उपाय आधीच उपलब्ध होता. लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोक्झी यांनी १९९० मध्ये त्याचं सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध केलं होतं. त्याचं नाव ‘प्रायॉरिटी इन्हेरिटन्स’. नियम असा: वरचा टास्क एखाद्या किल्लीसाठी थांबला की ती किल्ली ज्याच्याकडे आहे, त्याला वरच्याचं प्राधान्य तात्पुरतं मिळतं. किल्ली परत करताच त्याचं मूळ प्राधान्य परत येतं. आपल्या उदाहरणात `bc_dist` थांबताक्षणी `ASI/MET` त्याच्या प्राधान्यावर चढतो, मधल्यांना बाजूला सारतो आणि उरलेला मिलिसेकंद पुरा करून किल्ली देतो. थांबणं ऐंशीवरून एका मिलिसेकंदावर आलं. मुख्य म्हणजे आता ते किल्लीच्या आतल्या कामाइतकंच राहतं, मधले कितीही असोत.

व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय म्युटेक्स तयार करतानाच मागावी लागते:

```c
m = semMCreate(SEM_Q_PRIORITY | SEM_INVERSION_SAFE);
```

यानावरच्या त्या म्युटेक्ससाठी ती बंद होती. या बदलाने दुसरं काही बिघडणार नाही ना, हे चमूने आधी तपासलं. मग जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरमधला फरक तेवढा पृथ्वीवरून पाठवून तो यानावर बसवण्यात आला.

हा उपाय सगळंच सोडवत नाही. किल्लीच्या आतलं काम लांबलचक असेल, तर वरच्याला तेवढा वेळ थांबावंच लागेल. वरच्या टास्कला वेगवेगळ्या टास्ककडे असलेल्या तीन किल्ल्या लागत असतील, तर तो तीनदा अडकू शकतो. आणि दोन टास्क एकमेकांची किल्ली धरून बसले, तर इन्हेरिटन्सने ती गाठ सुटत नाही. त्यासाठी ‘प्रायॉरिटी सीलिंग’सारखे वेगळे नियम आहेत. शिवाय किल्ली कोणाकडे आहे हे माहीत असेल तरच प्राधान्य देता येतं. साध्या मोजणी सेमाफोरला असा मालकच नसतो, म्हणून तिथे हा उपाय लागू पडत नाही.

पॉझिक्स पद्धतीच्या व्यवस्थांत ही सोय `PTHREAD_PRIO_INHERIT` या नावानं आजही वेगळी मागावीच लागते. वेळेचं बंधन असलेला प्रोग्रॅम तुम्ही लिहीत असाल, तर वापरत असलेल्या लायब्ररीच्या पोटातही म्युटेक्स आहेत का, आणि त्यांच्यावर ती चालू आहे का, हे आधी तपासा.