टोकं कापली की केस भराभर वाढतात?

नाही. केस वाढतो तो टाळूच्या त्वचेतल्या मुळाशी. बाहेर दिसणारा भाग निर्जीव असतो, त्यामुळे कात्री लागल्याचा मुळाला पत्ताही नसतो. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तो किती लांब होणार, हे मूळ किती वर्षं वाढीच्या अवस्थेत राहतं यावर ठरतं. तीन वर्षं राहिलं तर सुमारे छत्तीस सेंटिमीटर, सहा वर्षं राहिलं तर त्याच्या दुप्पट. हा काळ बराचसा आनुवंशिक असतो. आजारपण, बाळंतपण किंवा लोहाची कमतरता यांनी मात्र केस अकाली गळू शकतात.

मग टोकं कापून काहीच होत नाही का? होतं. दुभंगलेली टोकं तुटत राहिली, तर वाढलेली लांबी वरून मिळते आणि खालून जाते; ती टोकं कापली की हे तुटणं कमी होतं.