अभ्यासाचे तास आणि पालकांशी बोलणे

सहामाहीचे पेपर हातात पडले की दवाखान्यात डोकेदुखी-पोटदुखीची मुले वाढतात. डोळे आणि रक्त तपासावेच. पण दुखणे शाळेच्या दिवशी सकाळी उठते आणि रविवारी नाहीसे होते, असे दिसले तर घरातल्या अपेक्षांचीही चौकशी करावी लागते.

दहावीतला एक मुलगा असाच आला. गणितात ८० पैकी ४४ गुण. वडील म्हणाले, "रोज सहा तास बसला तर पंचाहत्तर कुठे जातात?" मुलगा खाली मान घालून "करतो" एवढेच म्हणाला. भीतीपोटी दिलेला हा होकार पुढे पेपर लपवायला लावतो.

मी त्याला दिवस कागदावर मांडायला सांगितला. झोप ८ तास, जाण्यायेण्यासह शाळा ७, क्लास अडीच, आंघोळ-जेवण वगैरे अडीच. बेरीज २०. उरलेल्या चारांतला एक तास खेळाचा धरला तर घरच्या अभ्यासाला तीनच राहतात. सहा हवे असतील तर ते झोपेतूनच काढावे लागतात. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, आणि वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. रात्री एक वाजता तेच पान तिसऱ्यांदा वाचणारा मुलगा अभ्यास करीत नसतो, नुसता बसलेला असतो. (तीन तासही कोणी बसत नसेल, तर मात्र पालकांची तक्रार रास्त आहे.)

मग उत्तरपत्रिका काढली. गेलेल्या ३६ गुणांपैकी १६ न समजलेल्या दोन धड्यांचे, ११ वेळ न पुरल्याने सुटलेल्या प्रश्नांचे आणि ९ आकडेमोडीच्या चुकांचे होते. दीड महिन्यात एक धडा नीट झाला तर पाचेक गुण, आकडेमोडीतले सहा, वेळेचे तीन, असे १४ परत मिळण्यासारखे होते. मुलगा प्रथमच वडिलांकडे बघून बोलला, "बाबा, पंचाहत्तर जमणार नाहीत. अठ्ठावन्नपर्यंत येईन. दर रविवारी घड्याळ लावून एक पेपर सोडवीन, तो तुम्ही बघा." वडिलांना हा आकडा कमी वाटला, पण तो कुठून आला हे समोर दिसत होते.

हे बोलणे निकालाच्या दिवशी किंवा पाहुण्यांसमोर काढू नये. नंबराचे वचन तर मुलाने देऊच नये. तो इतरांच्या गुणांवर ठरतो.

मूल जेवण-बोलणे टाकू लागले, किंवा "जगून काय करू" असे सहज म्हणाले, तरी त्याला एकटे न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते.