शटर साठचं, वीज पन्नासची

मंगल कार्यालयात काढलेला व्हिडिओ घरी टीव्हीवर लावला की पुष्कळदा स्टेजमागच्या पांढऱ्या पडद्यावरून काळपट पट्टे सरकताना दिसतात. फोन आडवा धरला असेल तर आडवे, उभा धरला असेल तर उभे. प्रत्यक्ष हॉलमध्ये मात्र उजेड अगदी स्वच्छ होता. मग दोष फोनला दिला जातो, नाहीतर मेमरी कार्डाला. खरं तर फोन धडधाकट असतो. त्याच्या शटरचं आणि आपल्या विजेचं गणित तेवढं जुळलेलं नसतं.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणजे प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो, आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा जोर धरून दोनदा शून्यावर येतो. त्यामुळे त्यावर चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये हे फारसं जाणवत नसे, कारण तापलेली तार इतक्या कमी वेळात थंड होत नाही. जड लोखंडी चोक असलेली ट्यूब मात्र चांगलीच वर-खाली होते. एलईडीचं सगळं त्याच्या ड्रायव्हरवर अवलंबून. प्रवाह सपाट करणारा कपॅसिटर नीट असेल तर उजेड स्थिर राहतो. स्वस्त बल्बात तो छोटा असतो किंवा नसतोच, आणि एलईडी तर प्रवाहाच्या प्रत्येक चढउताराला तत्काळ प्रतिसाद देतो. इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबा सेकंदाला हजारो वेळा लुकलुकतात, त्यामुळे त्यांचा सहसा त्रास होत नाही. सेकंदाला १०० ही गती आपल्या डोळ्यांना पकडता येत नाही, म्हणून हॉलमध्ये बसलेल्याला काहीच खटकत नाही.

कॅमेऱ्याला ते खटकतं, कारण तो अख्खं चित्र एका क्षणी टिपत नाही. बहुतेक फोनचे आणि कॅमेऱ्यांचे सेन्सर चित्र ओळीओळीने घेतात: आधी सर्वांत वरची ओळ, मग तिच्या खालची, असं करत तळापर्यंत. समजा, या साऱ्या प्रवासाला २० मिलिसेकंद लागले. उजेडाचा एक ठोका १० मिलिसेकंदांचा, म्हणजे तेवढ्यात दोन ठोके पडून गेले. काही ओळी उजेड चढलेला असताना टिपल्या गेल्या, काही उतरलेला असताना, आणि चित्रात दोन गडद पट्टे आले.

आता शटर. प्रत्येक ओळ किती वेळ उजेड गोळा करते, ते शटर ठरवतं. गावचा हापसा आठवा. दांडा एका लयीत मारला जातोय आणि पाणी धपाधप पडतंय. कळशी बरोबर दोन दांड्यांएवढा वेळ धरली तर ती कधीही पुढे केली तरी पाणी तेवढंच मिळेल. पावणेदोन दांड्यांएवढा वेळ धरली तर कधी जास्त मिळेल, कधी कमी; ती कोणत्या क्षणी पुढे केली त्यावर ते ठरेल. शटर १/५० ठेवलं तर प्रत्येक ओळीला २० मिलिसेकंद, म्हणजे पुरते दोन ठोके मिळतात आणि पट्टे नाहीसे होतात. १/१०० ला पुरता एक ठोका, तोही चालतो. १/६० ला मात्र १६.७ मिलिसेकंद, म्हणजे एक ठोका आणि वर दोन तृतीयांश. हा वरचा तुकडाच सगळा घोळ घालतो.

घोळ केवढा, हे आकड्यांत पाहू. ट्यूबचा उजेड सरासरीच्या ३० टक्के वर-खाली होतो असं धरा. १/६० ला ओळींच्या उजेडातला चढउतार साधारण ५ टक्के उरतो. गर्दीच्या दृश्यात तो लपून जाईल, पांढऱ्या पडद्यावर लपणार नाही. १/२०० ला तोच १९ टक्क्यांवर जातो, आणि १/१००० ला जवळजवळ पूर्ण ३० टक्के दिसतो. झगमगाटी हॉलमध्ये ऑटोवर ठेवलेला फोन उजेड जास्त पाहून शटर आपणहून तोकडं करतो. त्यामुळे रोषणाई जितकी प्रखर, तितके पट्टे ठळक, असं उफराटं चित्र दिसतं.

मग १/६० आलं कुठून? अमेरिकेतून. तिथली वीज ६० हर्ट्झची, टीव्हीची फ्रेमगती ३०, आणि शटर फ्रेमच्या निम्म्या वेळाचं ठेवायचा जुना रिवाज. तिथे १/६० अगदी चपखल बसतं. आपल्याकडे ५० हर्ट्झला जुळणारी टीव्हीची गती २५ फ्रेमची. तरी बहुतेक फोन ३० वरच सुरू होतात, आणि न्यू जर्सीहून पुण्याला लग्नासाठी आलेल्या भाच्याचा कॅमेरा तर ६० हर्ट्झवरच लावलेला असतो. ३० फ्रेममध्ये दर फ्रेमला पट्टा एक तृतीयांश अंतर उडी मारतो, म्हणून चित्र थरथरतं. २५ फ्रेमला दोन फ्रेममध्ये बरोबर चार ठोके बसतात, त्यामुळे पट्टे जागीच उभे राहतात. अगदी स्थिर मात्र नाही. आपल्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असते. ती ४९.९५ वर असेल तर एक पट्टा सरकत सरकत पुढच्याच्या जागी यायला सुमारे १० सेकंद लागतात. असे संथ पट्टे दिसले की समजावं, दोष मेन्सचा आहे.

म्हणून पहिलं काम, प्रो मोडमध्ये शटर १/५० वर बांधणे. फ्रेमगती ३० असली तरी हरकत नाही. पट्टे शटर घालवतं, फ्रेमगती नव्हे. चित्र जास्त उजळ झालं तर आयएसओ खाली आणा. तरी भागलं नाही तर लेन्सवर एनडी फिल्टर चढवा, पण शटर हलवू नका. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये Show PAL Formats चालू केलं की २५ फ्रेम मिळतात. गोप्रोमध्ये Anti-Flicker 50Hz वर ठेवावं. २४ फ्रेमवर काम करणारे सिनेमावाले शटरचा कोन १८० ऐवजी १७२.८ अंश ठेवतात, त्याचं कारण हेच: त्या कोनाला शटर नेमकं १/५० होतं.

स्लो मोशनमध्ये मात्र हा उपाय फसतो. १२० फ्रेमला शटर १/१२० पेक्षा लांब ठेवता येत नाही, म्हणजे ८.३ मिलिसेकंद. पुरता एक ठोकासुद्धा त्यात मावत नाही. अक्षतांचा वर्षाव संथ दाखवायचा असेल आणि कॅमेऱ्यात १०० फ्रेमची सोय असेल तर ती घ्यावी. शटर १/१००, आणि २५ फ्रेमवर लावला की नेमका चौपट संथ. ती सोय नसेल तर स्लो मोशन दिवसा, अंगणात.

१/५० वरही पट्टे जात नसतील, आणि ते बारीक नि दाट असतील, तर मेन्सला दोष देऊ नका. डिमरने मंद केलेले एलईडी बरेचदा स्वतःच्याच गतीने चालू-बंद होत असतात, आणि स्टेजमागच्या एलईडी वॉलला तिची वेगळी रिफ्रेश गती असते. हर्ट्झचा इथे संबंध उरत नाही. डिमर असेल तर दिवे पूर्ण उजेडावर आणायला सांगा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. वॉलसाठी काही कॅमेऱ्यांत शटर १/५०.३, १/५१.१ असं कणाकणाने हलवता येतं. पडद्यावर नजर ठेवून पट्टे विरतील तिथे थांबायचं. आणि हे मुहूर्ताच्या आधी, हॉल रिकामा असताना करायचं, कारण पट्टे एकदा फायलीत गेले की एडिटिंगमध्ये काढणं जिकिरीचं. अख्खी फ्रेम एकसारखी लुकलुकत असेल तर सॉफ्टवेअर ती बऱ्यापैकी सावरतं. नवरीच्या चेहऱ्यावरून सरकणारा पट्टा पुसताना मात्र चेहऱ्याचा रंगही बिघडतो.