सार्थ फरक आणि मोठा फरक

भिलाईच्या सेक्टर ६ मधील एखादी मराठी विद्यार्थिनी एम. ए. च्या प्रबंधासाठी नैराश्यावरील समुपदेशनाचा अभ्यास करीत आहे, असे समजू या. बारा जणांना समुपदेशन मिळाले, बारांना केवळ नेहमीचे औषधपाणी. शेवटी दोन्ही गटांच्या सरासरीत साडेसात गुणांचा फरक दिसला. परंतु गणिताने कौल दिला की, फरक सार्थ नाही. तेव्हा उपचार निरुपयोगी ठरला काय?

उत्तरासाठी गोव्याकडे वळावे लागते. तेथील दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांत विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकींत पुन्हा कामाधामाला लावण्याचा यत्न केला. तीन महिन्यांनी बेक यांच्या प्रश्नावलीवर त्यांची सरासरी सुमारे २० होती, इतरांची २७.५. फरक तोच, साडेसात गुणांचा. मात्र येथे तो निःसंशय सार्थ ठरला.

सार्थता एवढेच विचारते, की उपचारात काहीच अर्थ नसता, तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने कितीदा दिसला असता? त्याचे उत्तर माणसांच्या संख्येवर फार अवलंबून असते. परिणामाचे परिमाण निराळे. रुग्णांचे गुण आपल्या सरासरीपासून साधारणपणे जितके विखुरलेले असतात, त्या प्रमाण विचलनाने फरकाला भागावयाचे. गोव्यात ते सुमारे १४.५ होते, ७.५ भागिले १४.५, म्हणजे जवळजवळ अर्धा. भिलाईतही विखुरणे तितकेच असेल, तर परिमाण तेच येते. पण बारा-बारांच्या गटांत खरा फरक उणे पाचपासून अधिक वीसपर्यंत कोठेही असू शकेल, आणि या पट्ट्यात शून्यही येते. याचा अर्थ उपचार व्यर्थ असा नव्हे, तर पुरावा अपुरा असा. प्रबंधात नेमकी हीच चूक वारंवार आढळते.

उलट, प्रत्येक गटात चार हजार माणसे घेतली, तर एका गुणाचा फरकही सार्थ ठरेल, आणि रुग्णाला तो जाणवणारसुद्धा नाही! गोव्यातील फरक मात्र जाणवण्याजोगा होता : उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्याच्या रेषेखाली आले, इतरांपैकी ३९. म्हणजे चौघांना समुपदेशन दिल्यास, एरवी बरा न होणारा एक जण बरा होतो. ‘अर्धे विचलन’ याहून हा हिशेब डॉक्टरांना आणि घरच्यांनाही लवकर उमगतो.

परिमाणही निर्दोष नाही. विद्यार्थिनीने जवळपास सारख्याच तीव्रतेचे रुग्ण निवडले, तर विखुरणे आटते आणि तोच साडेसात गुणांचा फरक भागाकारात फुगून दिसतो. म्हणून प्रबंधात मूळ गुण, प्रमाण विचलन आणि तो पट्टा ही तिन्ही शेजारी-शेजारी छापावी लागतात.