नऊ थांबे, आठ रस्ते

सकाळी ७.३०
सामरवरणीहून सिल्वासाच्या बसमध्ये बसले. आज दुसऱ्या वर्षाच्या वर्गात ग्राफ सुरू करायचा आहे. पुस्तकात क, ख, ग अशा ठिपक्यांची आकृती आहे, पण मुलं रोज ज्या रस्त्यांनी येतात तेच फळ्यावर काढायचं ठरवलंय. गल्लीबोळ आणि मधले लहान थांबे सोडून देईन.

सकाळी १०
फळ्यावर नऊ नोड काढले: वापी, दादरा, सिल्वासा, नरोली, भिलाड, सामरवरणी, मसाट, रखोली, खानवेल. मग एज. वापीहून दादरा, तिथून सिल्वासा. सिल्वासाहून एक फाटा नरोलीमार्गे भिलाडला जातो. दुसरा सामरवरणी, मसाट, रखोली करत खानवेलला. एकूण आठ एज झाल्या.

लगेच प्रश्न आला, "मॅडम, खानवेलचा रस्ता एवढा लांब, आणि रेघ मसाटच्या रेघेएवढीच?" हो, तेवढीच. ग्राफला अंतर कळत नाही, वळणंही कळत नाहीत. कोण कोणाला जोडलंय एवढंच त्यात असतं. किलोमीटर हवे असतील तर प्रत्येक एजवर आकडा लिहायचा. तो झाला वेटेड ग्राफ, त्याकडे पुढच्या आठवड्यात वळू.

सकाळी ११
प्रत्येक नोडला किती एज येऊन मिळतात, ती त्याची डिग्री. सिल्वासाची ३, वापी, भिलाड, खानवेल या टोकांची १, बाकी सगळ्यांची २. बेरीज १६, म्हणजे आठाची बरोबर दुप्पट. प्रत्येक एजला दोन टोकं असल्यामुळे ती दोनदा मोजली जाते, म्हणून ही बेरीज कधीच विषम येत नाही.

एका मुलीची बेरीज १५ आली. चूक आहे हे तिला माझ्याआधी कळलं, पण कुठे ते सापडेना. जोडलेल्या नोडसाठी १ आणि नसलेल्यांसाठी ० असा तक्ता तिने केला होता. त्यात नरोलीच्या ओळीत भिलाडखाली १ होता आणि भिलाडच्या ओळीत नरोलीखाली ०. बस दोन्ही बाजूंनी धावते, म्हणून तक्ता कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखाच दिसायला हवा. एकेरी वाहतूक असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एजला बाण लागतो.

दुपारी १
डबा खाताना पुढचा तास मनात जुळवला. एज कशाला म्हणायचं, इथेच मुलांची खरी गफलत होते, म्हणून यालाच जास्त वेळ द्यायचा.

दुपारी २
"वापीहून खानवेल किती लांब?" सगळ्यांनी सहा एज मोजल्या. मग मी तीन बसमार्ग मानायला सांगितले: वापी–सिल्वासा, भिलाड–सिल्वासा आणि सिल्वासा–खानवेल. नोड तेच ठेवले, एजचा नियम मात्र बदलला. ज्या दोन थांब्यांमध्ये बस न बदलता जाता येतं, त्यांच्यात एज. पहिल्या मार्गावर तीन थांबे, म्हणून ३ एज. दुसऱ्यावरही ३. तिसऱ्यावर पाच थांबे, त्यांच्या जोड्या १०. आठाच्या जागी १६ एज झाल्या, आणि वापी ते खानवेल अंतर आलं दोन.

"मग खरं कुठलं? सहा की दोन?" दोन्ही खरं. सहा म्हणजे किती टप्पे पार करायचे. दोन म्हणजे किती बसमध्ये चढायचं, म्हणजेच सिल्वासाला एकदा बदल. रस्ता खोदला तर काय तुटेल हे पहिल्या ग्राफला विचारायचं, आणि म्हाताऱ्या माणसाला सामान घेऊन किती वेळा उतरावं लागेल हे दुसऱ्याला. एज म्हणजे काय हे आधी लिहून ठेवल्याशिवाय गणिताला हात लावायचा नाही, असं मी वर्गात अगदी आवाज चढवून सांगितलं.

दुपारी ३.३०
पुन्हा पहिल्या ग्राफकडे. नऊ नोड, आठ एज, सगळं जोडलेलं: हा ट्री आहे. यातली कुठलीही एज काढली की ग्राफचे दोन तुकडे होतात. मग भिलाड–वापी हायवेची एज टाकली. वापी–दादरा–सिल्वासा–नरोली–भिलाड असं चक्र तयार झालं. आता त्या पाचांपैकी एखादी एज गेली तरी फिरून जाता येतं. नरोलीच्या वाटेवरचा दमणगंगेवरील अथालचा पूल बंद झाला, तर सिल्वासाहून नरोली एका एजऐवजी चार एजवर जाईल, पण तुटणार नाही. सिल्वासा ते खानवेलच्या चार एज मात्र अजूनही एकेकट्याच आहेत. आमची सामरवरणी त्यातल्या पहिल्याच एजच्या टोकाला.

"म्हणजे नरोली सुरक्षित?" ग्राफ तसं म्हणतो, पण त्यात दमणगंगा नाही. मधुबन धरणातून पाणी सोडलं की नदी फुगते, आणि वापीच्या दक्षिणेला हायवेही तीच नदी ओलांडतो. कागदावर वेगवेगळ्या दिसणाऱ्या दोन एज एकाच पुरात धोक्यात येऊ शकतात. दोन्ही काढून पाहिल्या, तर नरोली आणि भिलाड एकमेकांना जोडलेले राहतात, पण सिल्वासापासून सुटतात. हे कळायला प्रत्येक एजवर "नदी" अशी वेगळी खूण करावी लागते.

संध्याकाळी ६
परतीची बस पकडली. घरचा अभ्यास दिलाय: खानवेल आणि भिलाड यांच्यात थेट बस सुरू केली, तर दुसऱ्या ग्राफमध्ये नव्या एज किती? ती सिल्वासा आणि नरोलीवरून सगळे थांबे घेत जाईल असं धरायचं. माझं उत्तर ८: नरोली आणि भिलाड या दोघांची सामरवरणी, मसाट, रखोली, खानवेल या चौघांशी जोडी. बाकीच्या जोड्या आधीच आहेत. काही जण घाईत सात थांब्यांच्या सगळ्या २१ जोड्या लिहून आणतील, म्हणून उद्याचा तास त्याच वह्या तपासून सुरू करायचा.