चारही पर्याय बरोबर वाटतात तेव्हा

गोदाम बांधण्याचा प्रकल्प सुरू आहे. आराखडा मंजूर झालेला आहे, काम निम्म्यावर आले आहे. आठवड्याच्या बैठकीत ग्राहकाचा अधिकारी म्हणतो, माल उतरवायला आणखी एक दरवाजा हवा. साइटवरचा इंजिनिअर लगेच सांगतो, त्यात काय, दोन दिवसांचे काम. प्रोजेक्ट मॅनेजरने पुढे काय करावे?

पर्याय चार आहेत. अ: काम लहान आहे, तेव्हा इंजिनिअरला सुरुवात करायला सांगावे. ब: हे करारात नाही, असे सांगून नकार द्यावा. क: या बदलाचा वेळ, खर्च आणि दर्जा यांवर काय परिणाम होईल ते टीमबरोबर तपासावे. ड: चेंज रिक्वेस्ट मंजुरीसाठी चेंज कंट्रोल बोर्डापुढे ठेवावी.

पीएमपीची तयारी करणाऱ्यांपुढे या धाटणीचे प्रश्न सतत येतात. साइटवर पंधरा वर्षे काढलेला माणूस इथे पटकन ‘अ’वर बोट ठेवतो, कारण प्रत्यक्षात त्याने असे दरवाजे कित्येकदा बसवून दिलेले असतात. करारावर बोट ठेवून काम करणारा ‘ब’ निवडतो. पुस्तक नीट वाचलेला उमेदवार ‘क’ आणि ‘ड’ यांच्यात अडकतो, कारण दोन्ही गोष्टी पुस्तकात आहेत आणि दोन्ही कराव्याच लागतात. म्हणजे खरा सवाल आहे तो आधी काय आणि नंतर काय, एवढाच.

पीएमपी हे प्रमाणपत्र अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय, ही 1969 साली स्थापन झालेली संस्था देते. परीक्षेला बसण्यासाठी चार वर्षांची पदवी असलेल्या उमेदवाराला प्रकल्प सांभाळण्याचा 36 महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो. जानेवारी 2021 मध्ये लागू झालेल्या स्वरूपात 180 प्रश्न आणि 230 मिनिटे होती. हिशेब केला तर एका प्रश्नाला सव्वा मिनिटाहून थोडा जास्त वेळ. त्यांतले 5 प्रश्न केवळ चाचणीसाठी होते आणि गुणांत धरले जात नव्हते, पण ते कोणते हे उमेदवाराला कळत नसे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. या परीक्षेत व्याख्या थेट विचारणारे प्रश्न थोडे असतात. बहुतेक वेळा तीनचार ओळींचा प्रसंग समोर येतो आणि शेवटी विचारले जाते की प्रोजेक्ट मॅनेजरने आता काय करावे.

पुन्हा त्या दरवाज्याकडे येऊ. प्रसंगात काय घडून गेले आहे? ग्राहकाने तोंडी मागणी केली आणि इंजिनिअरने अंदाज सांगितला. याखेरीज काही झालेले नाही. दोन दिवस हा एका माणसाचा अंदाज आहे. दरवाजा वाढला तर भिंतीचे डिझाइन बदलेल का, अग्निसुरक्षेची परवानगी नव्याने लागेल का, ठेकेदाराचे पैसे किती वाढतील, हे कुणी पाहिलेले नाही. अशा कोऱ्या मागणीवर बोर्ड निर्णय घेणार तरी कशावर? म्हणून ‘क’. परिणाम तपासल्याशिवाय ‘ड’ची वेळ येत नाही. ‘अ’मध्ये मंजूर आराखडा परस्पर बदलतो. ‘ब’मध्ये ग्राहकाची मागणी ऐकून न घेताच फेटाळली जाते, आणि तो निर्णय एकट्या मॅनेजरने घ्यायचा नसतो.

आता प्रसंगात एक वाक्य वाढवू: ‘मॅनेजरने टीमबरोबर परिणाम तपासला असून चेंज रिक्वेस्ट लिहून तयार आहे.’ पर्याय तेच, पण उत्तर ‘ड’ झाले. आणखी एक वाक्य घालू: ‘बोर्डाने बदल मंजूर केला आहे.’ आता चारपैकी एकही पर्याय चालत नाही. पुढची पायरी म्हणजे आराखडा आणि बेसलाइन सुधारणे, संबंधितांना कळवणे आणि मग काम हाती घेणे. इथे ‘काम सुरू करा’ आणि ‘आराखडा सुधारा’ असे दोन पर्याय समोर आले, तर आराखडा आधी येतो.

प्रसंग तोच, चार पर्याय तेच, तरीही एका वाक्याने उत्तर बदलते. म्हणूनच पर्याय पाठ करून भागत नाही. प्रसंग कुठल्या पायरीवर येऊन थांबला आहे, हे आधी ठरवावे लागते. झालेली पायरी पुन्हा करायला सांगणारा पर्याय चूक, आणि मधली पायरी ओलांडून पुढे उडी मारणारा पर्यायही चूक. चेंज रिक्वेस्टची नोंद आधी की परिणामाची तपासणी आधी, यावर शिकवणाऱ्यांत थोडा फरक आढळतो. पण तोंडी मागणी, तिची नोंद व तपासणी, बोर्डाचा निर्णय, सुधारित आराखडा आणि मग काम, ही ओळ कुठेही मोडत नाही.

प्रकल्प कुठल्या पद्धतीने चालला आहे, हेही तितकेच निर्णायक असते. 2021 मध्ये लागू झालेल्या परीक्षेत सुमारे निम्मे प्रश्न अजाइल किंवा हायब्रिड पद्धतीचे होते. समजा, एक टीम मोबाइल अॅप तयार करते आहे आणि दोन आठवड्यांच्या स्प्रिंटचा तिसरा दिवस आहे. विक्री विभागाचा प्रमुख थेट एका डेव्हलपरच्या टेबलाशी येतो आणि नवे बटण बसवून मागतो. डेव्हलपर मॅनेजरला विचारतो. गोदामाच्या प्रश्नावर हात बसलेला उमेदवार इथेही चेंज कंट्रोल बोर्ड शोधतो, आणि पर्यायांत ते मुद्दाम ठेवलेलेही असते. पण अजाइल प्रकल्पात कामांचा क्रम प्रॉडक्ट ओनर ठरवतो. म्हणून प्रमुखाला प्रॉडक्ट ओनरकडे न्यावे. तो मागणी बॅकलॉगमध्ये घेईल आणि इतर कामांच्या तुलनेत तिचे महत्त्व ठरवेल. चालू स्प्रिंटचे ठरलेले काम तसेच राहील. ‘बदल होणार नाही’ असे सांगणारा पर्याय इथेही चूकच, कारण बदलाला जागा ठेवणे हा या पद्धतीचा पाया आहे.

म्हणून प्रसंग वाचताना स्प्रिंट, बॅकलॉग, प्रॉडक्ट ओनर, इटरेशन असे शब्द दिसले की निर्णय कोण घेणार ते बदलले, हे लक्षात घ्यावे. बेसलाइन, चेंज कंट्रोल बोर्ड, मंजूर आराखडा असे शब्द असतील तर जुनी, आधी सगळे ठरवून चालणारी पद्धत.

इथवर आल्यावर अनेक उमेदवार एक सूत्र बनवतात: आधी अभ्यास करा, मग कृती करा. क्लासमध्येही ते सांगितले जाते. बऱ्याच प्रश्नांत ते लागू पडते आणि म्हणूनच जिथे पडत नाही तिथे घात करते.

असा एक प्रश्न पाहू. एका कारखान्यात यंत्रे बसवण्याचे काम चालू आहे. पुरवठादार माल वेळेवर देणार नाही ही शक्यता सुरुवातीलाच रिस्क रजिस्टरमध्ये नोंदवलेली आहे, आणि तसे झाले तर दुसऱ्या ठरलेल्या पुरवठादाराकडून माल घ्यायचा, असा उपायही मंजूर आहे. आज पुरवठादाराचा मेल आला की माल तीन आठवडे उशिरा येईल. पर्याय: उशिराचा परिणाम तपासावा, स्पॉन्सरला कळवून सूचना मागाव्यात, ठरलेला उपाय अमलात आणावा, वेळापत्रक बदलण्यासाठी चेंज रिक्वेस्ट द्यावी. सूत्र पाठ केलेला उमेदवार पहिला पर्याय निवडतो. पण अभ्यास आधीच झाला आहे, उपाय ठरला आहे, त्याला मंजुरीही आहे. आता तो अमलात आणायचा. तोच माल उशिरा येणार आहे पण रजिस्टरमध्ये त्याची नोंदच नाही, असा प्रसंग दिला तर मात्र इश्यू लॉगमध्ये नोंद आणि परिणामाची तपासणी पुढे येते.

अपवाद आणखी एक आहे. माणसांच्या जिवाला धोका, कायद्याचा भंग किंवा लाचेसारखी गोष्ट प्रसंगात असेल, तर शांतपणे अभ्यास करत बसणारा पर्याय टिकत नाही. धोक्याचे काम तिथल्या तिथे थांबवायचे असते. गैरप्रकारात सामील व्हायचे नसते आणि तो योग्य ठिकाणी कळवायचा असतो.

स्पॉन्सरकडे किंवा वरिष्ठांकडे धाव घेणारे पर्यायही सावधपणे पाहावे लागतात. आपल्याकडच्या अनेक कार्यालयांत अडचण आली की साहेबांच्या कानावर घालणे हाच रिवाज असतो, त्यामुळे तो पर्याय जवळचा वाटतो. पीएमआयच्या दृष्टीने मॅनेजरने स्वतःच्या अधिकारात जेवढे करता येईल तेवढे आधी करायचे असते. दोन सहकाऱ्यांचे पटत नसेल तर त्यांच्याशी बोलायचे. एखाद्याचे काम ढिले पडले असेल तर एकांतात विचारपूस करायची. त्याच्या वरिष्ठाकडे तक्रार किंवा टीममधून बदली हे पर्याय नंतरचे. पण प्रसंगात लिहिले असेल की ज्यादा निधी हवा आहे, प्रकल्पाचे उद्दिष्टच बदलते आहे, किंवा मॅनेजरने दोनदा बोलूनही फरक पडलेला नाही, तर वर जाणे हेच पुढचे पाऊल ठरते.

एवढे सगळे सव्वा मिनिटात बसवायचे, तर वाचण्याची पद्धत ठरलेली हवी. अनुभवी शिकवणारे शेवटचे वाक्य आधी वाचायला सांगतात. पुढे काय करावे असे विचारले आहे, की सर्वांत आधी काय करावे, की हे टाळण्यासाठी मॅनेजरने काय करायला हवे होते, हे तिथे असते. तिसऱ्या प्रकारात उत्तर मागच्या काळात शोधायचे असते. आत्ताची दुरुस्ती सुचवणारे पर्याय कितीही शहाणपणाचे असले तरी बाद होतात. त्यानंतर प्रसंग वाचताना तीन गोष्टी टिपाव्यात: पद्धत कोणती, काय काय होऊन गेले, आणि निर्णयाचा अधिकार कुणाचा. एवढे झाले की चारपैकी दोन पर्याय बहुधा गळून पडतात. उरलेल्या दोघांना एकच प्रश्न विचारायचा: यांतले एक केल्याशिवाय दुसरे करता येईल का? ज्याच्यावाचून दुसरे अडते, ते आधी.

प्रसंगात नसलेली माहिती मात्र आपल्या पदरची घालू नये. ‘ग्राहक चिडला असेल’, ‘कंपनीकडे पैसे नसतील’ असे मनाने धरले की आपण प्रश्नाचे उत्तर न देता आपल्या नोकरीतला जुना प्रसंग सोडवायला लागतो.

सराव परीक्षेनंतर गुण मोजून थांबणाऱ्यांना हे वळण लागायला वेळ जातो. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे वहीत दोन ओळी लिहिता येतात: उत्तर ठरवणारे वाक्य कोणते होते, आणि चूक कुठल्या जातीची होती. पायरी ओलांडली, झालेली पायरी पुन्हा केली, पद्धत ओळखली नाही, अधिकार चुकीच्या माणसाला दिला, की प्रश्नाचे शेवटचे वाक्य नजरेतून सुटले? पन्नासेक चुका अशा नोंदवल्या की बहुतेकांच्या वहीत एकदोन जातीच पुन्हा पुन्हा दिसू लागतात. मग पुढचा सराव त्याच जातीच्या प्रश्नांचा करावा, आणि प्रत्येक प्रसंगात एक वाक्य आपणच बदलून उत्तर कुठे सरकते ते पाहावे.